पाहुण्यांसाठी वायफायची चिठ्ठी

दापोली तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर माझ्या मावशीचं घर आहे. चिऱ्याच्या भिंती, पुढे लांब पडवी, मागे सुपारीची वाडी. मुलं पुण्याला गेल्यावर रिकाम्या राहिलेल्या चार खोल्या मावशी आणि काका सुट्टीत पाहुण्यांना देतात. वायफाय घेतलं त्या वर्षी मावशीने फ्रिजवर चिकटवलेली पहिली चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. वहीचं आडव्या रेघांचं पान, निळं बॉलपेन आणि त्यावर एवढंच:

```
Atithi@Dev0Bhav#2O21
```

जोडणीवाल्या मुलाने हा पासवर्ड हौसेने बसवून दिला होता. त्यात 'Dev' नंतर शून्य आहे आणि # नंतरच्या दोनच्या पुढे मोठा ओ. बॉलपेनने लिहिल्यावर दोन्ही सारखेच गोल. @ आणि # शोधायला फोनच्या कळफलकाचं पान उलटावं लागायचं. प्रत्येक कुटुंबातला एक जण चारदा चुकून स्वयंपाकघरात यायचा आणि भाकरी थापणारी मावशी पिठाच्या हातांनी चष्मा शोधायची. "काकू, हा झिरो आहे की ओ?" या प्रश्नाचं उत्तर तिला कधीच खात्रीने देता आलं नाही. ती चिठ्ठी आम्ही दोनदा नव्याने केली. त्यात जे शिकलो ते घर, खोली किंवा शेतघर पाहुण्यांना देणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात नावापासून. वायफायचं नाव 32 बाइटपर्यंत असू शकतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी अक्षराला आणि मात्रेलाही प्रत्येकी तीन. म्हणजे मराठीत नाव ठेवलं तर दहाएक चिन्हांतच जागा संपते. शिवाय काही जुन्या टीव्हींवर आणि लॅपटॉपवर ते नीट दिसत नाही, नुसते चौकोन दिसतात. मराठी नाव ठेवायची माझी फार इच्छा होती, पण पाहुण्याला यादीत घर चटकन ओळखू यावं हे अधिक महत्त्वाचं. म्हणून `Angan-Pahune` असं रोमन अक्षरांतलं मराठी नाव ठेवलं. यंत्राबरोबर आलेलं कंपनीचं नाव आणि पुढे आकड्यांची माळ असं काही ठेवू नये. शेजारच्या दोन घरांत त्याच कंपनीची जोडणी असली की पाहुणा तिन्ही नावं दाबून बघत बसतो. नाव लपवण्याची सोय असते, तीही वापरू नये. ज्याला शोधायचं आहे त्याला लपवलेलं नावही सापडतं आणि ताप होतो तो पाहुण्यालाच.

पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो आणि 63 पर्यंत जाऊ शकतो. लांबीने जेवढी सुरक्षितता मिळते तेवढी विचित्र चिन्हांनी मिळत नाही. म्हणून तीन साधे शब्द जोडून लिहावेत, सगळी अक्षरं लहान लिपीत, शेवटी दोन आकडे. आकड्यांत शून्य आणि एक नकोत, कारण ते ओ आणि एल यांच्यासारखे दिसतात. इथे एक खास आपली अडचण येते. मराठी शब्दांचं रोमन लिपीतलं लेखन प्रत्येकाचं वेगळं. फणस कुणी `phanas` लिहितं, कुणी `fanas`. आंबा `amba` आणि `aamba`, हापूस `hapus` आणि `hapoos`. मावशीने पाहुण्यांना पासवर्ड तोंडी सांगितला की निम्मे जण हमखास चुकायचे. मग आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून, ज्यांचं स्पेलिंग सहसा एकच होतं असे शब्द शोधले. कैरी, मोदक, होडी. त्यातून `kairimodakhodi72` तयार झाला. (चिठ्ठी छापून गेल्यावर तो बदलला, त्यामुळे इथे निर्धास्त देतो आहे.) साठीच्या आजोबांनी तो पहिल्याच प्रयत्नात टाइप केला तेव्हा मावशीच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला अजून आठवतं.

ज्यांना टाइपच करायचं नाही त्यांच्यासाठी चौकोनी क्यूआर कोड. हा कोड म्हणजे एक साधी ओळ असते, चित्राच्या रूपात लिहिलेली:

```
WIFI:T:WPA;S:Angan-Pahune;P:kairimodakhodi72;;
```

T पुढे सुरक्षेचा प्रकार, S पुढे नाव, P पुढे पासवर्ड. पासवर्डात अर्धविराम, स्वल्पविराम किंवा अपूर्णविराम असेल तर त्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते, नाहीतर फोन तिथेच पासवर्ड संपला असं समजतो. साधे शब्द ठेवण्याचा हा आणखी एक फायदा. कोड बनवायला कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर जाऊ नका. तिथे तुम्ही घराचा पासवर्ड परक्याच्या हाती देता. शिवाय काही साइट जो कोड देतात तो त्यांच्या पत्त्यावर नेणारा असतो आणि मुदत संपली की चालेनासा होतो. अलीकडच्या अँड्रॉइड फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर बोट ठेवलं की शेअर करण्याची सोय दिसते. तिथे फोन स्वतःच कोड काढून देतो. त्याचाच फोटो छापायला द्यावा. आणि कोडखाली नाव व पासवर्ड ठळक अक्षरांत हवेतच, कारण लॅपटॉपवर काम करणारा पाहुणा क्यूआर कोड दाखवणार कशाला?

पासवर्ड मुळात ठेवायचाच कशाला, पाहुणे काय चोर आहेत, असं काकांचं सुरुवातीचं म्हणणं होतं. त्यांना मी 2008 ची गोष्ट सांगितली. 26 जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. त्याचा माग काढत तपास नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपाशी पोचला. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचा त्या ईमेलशी संबंध नव्हता. त्याच्या वायफायचा वापर दुसऱ्याच कुणीतरी केला होता. तरी चौकशीला सामोरं जावं लागलं ते त्याला, कारण बाहेरच्या जगाला इंटरनेटचा पत्ता दिसतो तो जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याचा. आत फोन कुणाचा होता हे बाहेरून कळत नाही. काकांनी हे शांतपणे ऐकलं आणि पाहुण्यांच्या नोंदवहीत एक रकाना वाढवला. आलेल्या प्रत्येकाचं नाव, ओळखपत्र, आल्या-गेल्याच्या तारखा आधीपासून होत्याच. आता पासवर्ड बदलल्याची तारीखही तिथे येते.

पाहुण्यांचं वायफाय आणि घरचं वायफाय वेगळं असावं. आजकालच्या बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी दुसरं नाव चालू करता येतं. त्यावरचे फोन इंटरनेटला पोचतात, पण घरच्या संगणकाला, कॅमेऱ्याला किंवा प्रिंटरला पोचत नाहीत. याचा खरा आराम पासवर्ड बदलताना कळतो. आधी एकच नाव होतं तेव्हा पासवर्ड बदलला की फाटकावरचा कॅमेरा, टीव्ही आणि काकांचा फोन सगळंच तुटायचं, म्हणून पासवर्ड बदलणं पुढे ढकललं जायचं. आता फक्त पाहुण्यांचा बदलतो आणि घरातलं काही हलत नाही. एक त्रुटी मात्र आहे. पाहुणा त्याच्या फोनवरचा सिनेमा दिवाणखान्यातल्या टीव्हीवर पाठवू शकत नाही, कारण टीव्ही आता घरच्या नावावर. आम्ही टीव्हीसुद्धा पाहुण्यांच्या नावावर घेऊन पाहिला, पण तिथे फोन एकमेकांना दिसतच नाहीत, त्यामुळे जमलं नाही. शेवटी चिठ्ठीत लिहिलं की टीव्हीवरच तुमचं खातं उघडा आणि जाताना त्यातून बाहेर पडायला विसरू नका. हे विसरणारे इतके असतात की खोली आवरताना मावशी आधी टीव्ही लावून पाहते. कुणा अनोळखी माणसाचं खातं उघडं पडलेलं असतं आणि पुढचे पाहुणे त्यावर मालिका बघायला बसतात. ज्याचं खातं असतं त्याला घरी गेल्यावर आठवतं, तोवर उशीर झालेला असतो.

आता शिष्टाचाराकडे येतो. आमची दुसरी चिठ्ठी इथेच फसली होती. तिच्यात 'कृपया इंटरनेटचा वापर जपून करा' अशी ओळ होती. ती कुणीही पाळली नाही आणि त्यात पाहुण्यांचा दोष नाही. जपून म्हणजे काय, कशासाठी, कधी, यातलं काहीच त्या ओळीत नव्हतं. ते आम्हालाच एका रविवारी कळलं.

डिसेंबरात तीन कुटुंबं आली होती, लहानमोठे मिळून नऊ जण. रविवारी ते हर्णैहून होडीने सुवर्णदुर्ग बघून आले, वाटेत डॉल्फिन दिसले म्हणून आनंदात होते. संध्याकाळी सहाला परतले, आंघोळी झाल्या, पडवीत चहा झाला. त्यांच्यातल्या एका ताईंची सात वाजता परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर मीटिंग होती. सातला लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांत त्या रडकुंडीला आल्या. समोरच्यांचं बोलणं त्यांना बऱ्यापैकी ऐकू येत होतं, पण यांचा आवाज तिकडे तुटत होता, चेहरा थिजत होता. त्या बाकीच्यांवर ओरडल्या, "सिनेमा बंद करा रे!" पण कुणी सिनेमा बघत नव्हतंच. मुलं अंगणात बॅडमिंटन खेळत होती आणि आठ फोन पलंगावर चार्जिंगला लावलेले होते.

नेमके तेच आठ फोन काम करत होते. दिवसभर समुद्रावर इंटरनेट धड नव्हतं. घरी येऊन वायफाय मिळालं, चार्जिंग मिळालं, आणि प्रत्येक फोनने दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवायला सुरुवात केली. बहुतेक फोन असेच लावलेले असतात, वायफाय मिळालं की फोटोंचा बॅकअप घ्या. मी नंतर हिशेब मांडला. एका फोनवर दीडशे फोटो, प्रत्येकी चार एमबीचे, म्हणजे 600 एमबी. डॉल्फिनचे आणि किल्ल्याचे मिळून बारा मिनिटांचे व्हिडिओ, मिनिटाला साधारण 100 एमबी धरले तर 1200 एमबी. एका फोनचे झाले 1.8 जीबी, आठ फोनचे 14.4 जीबी. मावशीची जोडणी 50 एमबीपीएसची म्हणून घेतली आहे, पण तो वेग इंटरनेटवरून घरात येण्याचा. घरातून बाहेर पाठवण्याचा वेग मोजला तर 10 च्या आसपास भरतो. त्या वेगाने 14.4 जीबी चढवायला तीन तासांहून जास्त लागतात. ताईंची मीटिंग ऐन त्या तीन तासांत आली.

कोकणातली पाखाडी ज्याने पाहिली आहे त्याला हे चटकन समजेल. चिऱ्यांच्या पायऱ्यांची अरुंद वाट, एका वेळी एकच माणूस जाईल इतकी. डोक्यावर पेंढ्याचे भारे घेतलेले आठ जण एका पाठोपाठ एक वर चढत असतील तर औषध घेऊन निघालेल्या माणसालाही त्यांच्या मागेच चालावं लागतं. मीटिंगमधला आवाज अगदी हलका असतो, त्याला जागा थोडीच लागते, पण तो वेळेवर पोचावा लागतो. फोटोंच्या रांगेत अडकला की तुटतो. रांग फार वाढली की बाहेरून घरात येणाऱ्या गोष्टीही मंदावतात, कारण प्रत्येक पुडकं मिळाल्याची पोच याच अरुंद वाटेने परत पाठवायची असते. म्हणून नुसता वेग मोजून फसू नये. खूण एकच लक्षात ठेवावी: दुसऱ्यांचं तुम्हाला ऐकू येतंय, पण तुमचं त्यांना तुटक जातंय, तर बाहेर जाणारी वाट तुंबली आहे. दोन्हीकडून तुटत असेल तर कारण बहुधा वेगळं, कमी रेंज किंवा पलीकडचा बिघाड.

त्या संध्याकाळी आठही फोनवर बॅकअप थांबवला. फोटोंच्या ॲपमध्ये आपल्या चित्रावर बोट ठेवलं की बॅकअपची स्थिती दिसते, तिथेच तो थांबवता येतो. दोन मिनिटांत मीटिंग सुरळीत झाली. रात्री जेवणं आटोपल्यावर सगळ्यांनी बॅकअप पुन्हा सुरू केला आणि सकाळपर्यंत फोटो चढलेही. आता चिठ्ठीत 'जपून वापरा' नाही. संध्याकाळी सहा ते दहा फोटोंचा बॅकअप थांबवा, रात्री दहानंतर खुशाल चालू ठेवा, असं लिहिलं आहे आणि कारण एका वाक्यात दिलं आहे. लोक हे आनंदाने पाळतात. त्यांचं कुठलं सुख आपण हिरावत नाही, फक्त वेळ बदलायला सांगतो. सिनेमांबद्दल मात्र आम्ही काही लिहीत नाही. चांगल्या दर्जाच्या सिनेमाला तासाला तीन जीबीपर्यंत डेटा लागतो, पण तो घरात येणारा डेटा, त्या वाटेवर पुरेशी जागा आहे. सुट्टीला आलेल्या माणसाला सिनेमा बघू नको म्हणणं मला पटत नाही.

यजमानानेही थोडं करायचं असतं. काही राउटरमध्ये पाहुण्यांच्या नावाला वेगाची मर्यादा घालता येते. बाहेर जाणाऱ्या 10 पैकी सातच पाहुण्यांच्या नावाला दिले तर काकांचं यूपीआय आणि कॅमेरा अडत नाही. पण पाहुण्यांतल्याच एकाची मीटिंग आणि दुसऱ्याचे फोटो यांचा तंटा त्याने सुटत नाही, त्यासाठी चिठ्ठीच लागते.

दुसरी गोष्ट रेंजची, आणि इथे प्रामाणिक राहावं. चिऱ्याची भिंत जाड असते, पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, आणि वायफायची लहर ओल्या भिंतीतून जाताना अधिक क्षीण होते. त्यात 5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली तरी भिंतीपुढे लवकर हरते, 2.4 ची सावकाश असली तरी पुढे पोचते. आमच्या घरात माजघरातल्या राउटरपासून मागच्या खोलीत पोचायला दोन भिंती लागतात. तिथे संदेश जातात-येतात, व्हिडिओ अडखळतो. पहिल्या वर्षी आम्ही 'सर्व खोल्यांत वायफाय' असं सांगत होतो आणि मागच्या खोलीतल्या पाहुण्यांची नाराजी ओढवून घेत होतो. आता चिठ्ठीतच लिहिलं आहे की सगळ्यात चांगली रेंज पडवीतल्या झोपाळ्यापाशी, मीटिंग असेल तर माजघरातलं टेबल घ्या, मागच्या खोलीत रेंज कमी. ज्यांना काम करायचं असतं ते आता खोली ठरवतानाच विचारतात.

आणि आता ज्या गोष्टीने आमचे सगळ्यात जास्त हाल केले ती. एका शुक्रवारी रात्री इंटरनेट गेलं. खोलीतल्या एका सज्जन गृहस्थांनी मदत करावी म्हणून राउटरच्या मागे असलेल्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरली. त्यांच्या घरच्या राउटरला तसं केल्याने चालत असेल. आमच्या राउटरमध्ये कंपनीने दिलेलं लॉगिनचं नाव आणि पासवर्ड भरलेला होता, तो पुसला गेला. वायफायचं नाव गेलं, कॅमेरा तुटला. ते लॉगिन मावशीकडे लिहिलेलं नव्हतं आणि तंत्रज्ञ आला तो सोमवारी दुपारी. पूर्ण शनिवार-रविवार घर भरलेलं आणि इंटरनेट नाही.

बंद करून चालू करणं आणि रीसेट करणं यात हाच फरक आहे. बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केलं तर राउटर झोपेतून उठल्यासारखा पुन्हा कामाला लागतो, त्याची आठवण शाबूत राहते. भोकातलं बटण दाबून धरलं की तो कारखान्यातून आल्यासारखा कोरा होतो. म्हणून आम्ही ते भोक चिकटपट्टीने बंद केलं, लॉगिनचं नाव आणि पासवर्ड काकांच्या डायरीत लिहिला आणि चिठ्ठीत ओळ घातली.

त्याच ओळीशेजारी दिव्यांची ओळख दिली आहे. फायबरच्या यंत्रावर `LOS` असं लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच तुटला आहे, केबल कुठेतरी तुटली किंवा निघाली. मग यंत्र शंभर वेळा बंद-चालू केलं तरी काही होणार नाही, काकांना सांगायचं. `LOS` विझलेला आणि `PON` हिरवा स्थिर असेल आणि तरी इंटरनेट नसेल, तर एकदा बंद-चालू करून बघायला हरकत नाही. एवढं कळलं की पाहुणा टाचणी शोधत नाही.

लाईट जाण्याचंही तसंच. आमच्याकडे राउटर आणि फायबरचं यंत्र दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत. फक्त एकच ठेवून उपयोग नाही, हे आम्हाला पहिल्या वेळी लाईट गेल्यावर कळलं, वायफायच्या पूर्ण रेघा दिसत होत्या आणि इंटरनेट नव्हतं. पण गावातल्या केबलवाल्याच्या पेटीची बॅटरी संपली की आमचा इन्व्हर्टर असूनही इंटरनेट जातंच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा या किनारपट्टीवर माड-पोफळी आडव्या झाल्या, खांब पडले आणि कित्येक दिवस वीजही नव्हती नि फोनही नव्हते. एरवी पावसाळ्यात तासा-दोन तासांचं जाणं असतं. म्हणून चिठ्ठीत लिहिलं आहे की लाईट गेल्यावर साधारण तासभर इंटरनेट चालतं, नंतरची खात्री नाही, महत्त्वाचा फोन असेल तर आधी उरकून घ्या. मोबाइलची रेंज आवारात विहिरीजवळ सगळ्यात चांगली मिळते, तेही तिथेच लिहिलं आहे.

खासगीपणाचा प्रश्न पाहुणे क्वचितच विचारतात, पण त्यांच्या मनात असतो. मालकाला आम्ही काय बघतो ते दिसतं का? राउटरला जोडलेल्या फोनची नावं दिसतात, कोण किती डेटा वापरतंय ते काही राउटरमध्ये दिसतं. कुठल्या साइटवर गेलात याची नोंद ठेवणारेही राउटर असतात, आमच्यात ती सोय बंद ठेवली आहे. संदेश, फोटो, बँकेचे व्यवहार आतून वाचता येत नाहीत, कारण ते फोनमधून कुलूपबंद होऊनच निघतात. हे आम्ही चिठ्ठीत दोन ओळींत सांगतो. कॅमेरा फक्त फाटकावर आहे, हेही त्यातच.

तिसरी चिठ्ठी, म्हणजे सध्याची, अशी आहे:

नमस्कार! आंगणात तुमचं स्वागत.

वायफायचं नाव: `Angan-Pahune`
पासवर्ड: `kairimodakhodi72`
(सगळी अक्षरं लहान, मध्ये जागा नाही. शेवटी सात आणि दोन.)
शेजारचा चौकोन फोनच्या कॅमेऱ्याने टिपला तरी जोडलं जाईल.

रेंज पडवीत झोपाळ्यापाशी सगळ्यात चांगली. मीटिंग असेल तर माजघरातलं टेबल घ्या, आधी सांगितलंत तर मोकळं ठेवू. मागच्या खोलीत रेंज कमी असते.

संध्याकाळी 6 ते 10 फोटोंचा बॅकअप थांबवून ठेवावा ही विनंती. आपल्या घराची बाहेर जाणारी वाट अरुंद आहे, फोटो चढू लागले की दुसऱ्याची मीटिंग तुटते. रात्री 10 नंतर खुशाल चालू ठेवा.

पडवीत व्हिडिओ बघताना इअरफोन लावा. वाडीत रात्री आवाज दूरवर जातो आणि शेजारचे आजोबा लवकर झोपतात.

इंटरनेट गेलं तर यंत्रावरचा `LOS` दिवा बघा. लाल असेल तर काकांना हाक मारा. लाल नसेल तर बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. मागचं बारीक भोक कृपया दाबू नका, त्याने सगळी जोडणी पुसली जाते.

लाईट गेली तर साधारण तासभर इंटरनेट चालेल.

पासवर्ड घराबाहेर कुणाला देऊ नका आणि या चिठ्ठीचा फोटो कुठे टाकू नका. जोडणी काकांच्या नावावर आहे, चोरीचे सिनेमे उतरवले तर विचारणा त्यांना होते.

तुम्ही काय बघता ते आम्हाला दिसत नाही आणि आम्ही नोंदही ठेवत नाही. कॅमेरा फक्त फाटकावर आहे.

निघताना टीव्हीवरच्या तुमच्या खात्यातून बाहेर पडा.

मागच्या बाजूला हेच हिंदी आणि इंग्रजीत आहे. पासवर्ड ज्या टंकात छापला आहे त्यात प्रत्येक अक्षर वेगळं दिसेल हे छापखान्यात उभं राहून तपासलं, अक्षरं वाटाण्याएवढी घेतली. कागद प्लास्टिकमध्ये बंद करून घेतला, कारण खाऱ्या हवेत साधा कागद दोन महिन्यांत मऊ पडतो आणि क्यूआर कोडवर बुरशीचे ठिपके आले की फोन तो वाचत नाही. चिठ्ठी प्रत्येक खोलीत दाराच्या आतल्या बाजूला खुंटीला टांगली आहे, पडवीत नाही. पडवीतली चिठ्ठी रस्त्यावरून जाणाऱ्यालाही टिपता येते आणि पाहुणे पडवीतच सगळ्यात जास्त फोटो काढतात. एकदा एका कुटुंबाच्या फोटोत मागे पासवर्ड स्वच्छ वाचता येत होता, तेव्हापासून ती आत गेली.

पासवर्ड वर्षातून तीनदा बदलतो: दिवाळीच्या सुट्टीनंतर, होळीनंतर, आणि पावसाळ्यात पाहुणे थांबले की. मधे कुणावर शंका आली तर लगेच. वायफायचं नाव मात्र तेच राहतं, त्यामुळे पुन्हा येणाऱ्या पाहुण्यांचा फोन नाव ओळखतो आणि फक्त नवा पासवर्ड मागतो. बदलण्याच्या आदल्या संध्याकाळी मावशी आणि मी फोनवर शब्द ठरवतो. स्पेलिंगचे दोन पर्याय निघाले की तो शब्द बाद. गेल्या वेळी तिने सुचवलेल्या चार शब्दांपैकी दोन बाद झाले. ठरला की ती तो एकदा मोठ्याने म्हणते, काका पलीकडे बसून न बघता टाइप करतात, आणि जोडलं गेलं तरच छापायला पाठवतो.